पट्टीतला मध पातळ होतो तेव्हा

*ताई, नमस्कार. एप्रिलच्या खरड छाटणीत माझ्या सासऱ्यांच्या नडगीला मांडवाची गंजकी तार लागली. वय ६८, शुगर आहे. पाच आठवडे झाले तरी जखम भरेना, म्हणून डॉक्टरांनी मधाची पट्टी सुरू केली. पण दुसऱ्या दिवशीच मध पाण्यासारखा पातळ होऊन पट्टीबाहेर येतो, चादर चिकट होते. म्हणजे औषध वाया जातंय का? सुरगाण्याहून ओळखीतून आणलेला रानातला शुद्ध मध घरात आहे, तोच लावला तर पैसे वाचतील का? शेजारचे म्हणतात, मधात हायड्रोजन पेरॉक्साइडच असतं, तर मेडिकलमधली बाटलीच ओता. नक्की काय करू?*
*— एक वाचक, म्हसरूळ, नाशिक*

नमस्कार. आधी थेट उत्तरं देते, कारण घरात जखम असताना लांबण लावलेली कुणालाच नको असते. मध पातळ होतो म्हणून तो वाया जात नाही, त्याचं एक मोठं काम पातळ झाल्यावरच सुरू होतं. पण पट्टीबाहेर ओघळ येणं चांगलं नाही, त्यावर वेगळा उपाय आहे. सुरगाण्याचा मध जखमेवर लावू नका. आणि पेरॉक्साइडची बाटली अजिबात ओतू नका. आता प्रत्येकामागचं कारण सांगते. ते नीट कळलं की रोज पट्टी सोडताना काय पाहायचं, हे तुम्हाला आपोआप कळेल.

मध जंतूंना तीन प्रकारे आवरतो: पाणी ओढून, आंबटपणाने आणि पेरॉक्साइडने. बहुतेक ठिकाणी ही तीन कारणं एकाखाली एक लिहून विषय संपवतात. त्यामुळे तिन्ही एकाच वेळी, सारख्याच जोराने चालतात असा समज होतो. जखमेवर तसं घडत नाही. ती एकामागून एक पुढे येतात, आणि कुठलं कधी पुढे येणार हे जखमेतून सुटणारं पातळ पाणी, म्हणजे लस, मधात किती मिसळली यावर ठरतं.

पहिलं कारण पाण्याचं. चांगल्या पक्व मधात शंभर ग्रॅमला सतरा-अठरा ग्रॅमच पाणी असतं, उरलेला जवळजवळ सगळा भाग साखरेचा, मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. जे थोडं पाणी असतं, तेही साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं. जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, हे मोजायचं एक माप आहे. त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं हे माप १, आणि मधाचं साधारण ०.५६ ते ०.६२. बहुतेक जीवाणूंना वाढायला ०.९१ च्या वर लागतं. जखमेत नेहमी सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस त्यांच्यात चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरून वाढू शकतो. मधाचा आकडा त्याच्याही कितीतरी खाली आहे. मोरांबा वर्षभर टिकतो तो याच तत्त्वावर.

म्हणजे बाटलीतल्या मधात जीवाणू वाढूच शकत नाही. पण जखम म्हणजे बाटली नव्हे. तिथे सतत लस सुटते, आणि मध स्वतःही ती ओढतो. साखरेचं प्रमाण इतकं जास्त असल्याने आसपासच्या ऊतींमधलं पाणी मधाकडे येतं. त्या प्रवाहाबरोबर मेलेल्या पेशींचा पिवळा थर सैल होतो, कचरा बाहेर निघतो आणि जखमेचा पृष्ठभाग ओला राहतो, त्यामुळे पट्टी काढताना नवी कातडी सोलली जात नाही. तुमच्या सासऱ्यांच्या पट्टीत दुसऱ्या दिवशी जे पाणी दिसतं, त्यातला बराचसा भाग या ओढण्याचाच आहे. शिवाय अंगाच्या उष्णतेनेही मध सैल होतो. मधाची पट्टी सुरू केल्यावर पहिले काही दिवस लस वाढल्यासारखी वाटते, ती जखम बिघडल्याची खूण नव्हे.

आता थोडा हिशोब करू या, म्हणजे पातळ होणं म्हणजे नेमकं काय हे लक्षात येईल. दहा सेंटिमीटर लांब-रुंद पट्टीला साधारण २० ते ३० मिली मध घ्यावा असा प्रघात आहे. आपण २५ मिली धरू. मध जड असतो, त्यामुळे २५ मिलीचं वजन सुमारे ३५ ग्रॅम भरतं. त्यात पाणी सहा ग्रॅमच्या जरा वर, बाकी साखर. जखमेतून बारा-एक मिली लस येऊन त्यात मिसळली, तर पट्टीतली वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८६ च्या आसपास येते. म्हणजे मधाच्या निम्मी लस आली की साखरेचं कवच स्टॅफिलोकॉकसपुरतं संपतं. मधाइतकीच, म्हणजे २५ मिली लस आली, तर आकडा ०.९१ च्या घरात जातो आणि इतर बरेच जीवाणूही वाढू शकतील अशी स्थिती येते. हा ढोबळ हिशोब आहे आणि त्यात मध सगळीकडे सारखा मिसळला असं धरलं आहे. प्रत्यक्षात जखमेला टेकलेला थर पट्टीच्या मधल्या थरापेक्षा लवकर पातळ होतो, म्हणजे जिथे जंतू आहेत तिथेच साखरेचं कवच आधी कमी होतं.

फक्त साखरेवर सगळं अवलंबून असतं तर तुमची शंका खरी ठरली असती. पातळ झालेल्या मधाची पट्टी लगेच काढून टाकावी लागली असती, आणि साखरेचा घट्ट पाकही मधाइतकाच गुणकारी ठरला असता. पण प्रयोगशाळेत असं दिसतं की मध भरपूर पातळ केला तरी तो जंतूंना अडवतो, आणि तितक्याच घट्ट साखरेच्या पाकाला ते जमत नाही. मधात साखरेपलीकडे काहीतरी आहे, हे १९३७ पासून माहीत होतं. डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘इनहिबीन’ असं नावही दिलं होतं. पण हे इनहिबीन म्हणजे काय, ते १९६३ साली जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. ते हायड्रोजन पेरॉक्साइड निघालं, आणि ते मधातच तयार होत होतं.

ते तयार कसं होतं, हे समजायला माशीकडे जावं लागतं. फुलातला मकरंद पाणचट असतो, त्यात बहुतेक वेळा साखरेपेक्षा पाणीच जास्त. माशी तो पोळ्यात आणून कप्प्यांमध्ये ठेवते आणि पंखांचा वारा घालून त्यातलं पाणी उडवत राहते. पाणी उडून तो पक्व व्हायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत हा गोड पाणचट रस जंतूंना वाढायला अगदी सोयीचा असतो. म्हणून माशी आपल्या डोक्यातल्या ग्रंथींमधून त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिसळते. हे एन्झाइम ग्लुकोज, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन दोन पदार्थ बनवतं: ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. मकरंद पक्व होऊन मध झाला, की पाणी इतकं कमी आणि आंबटपणा इतका जास्त होतो की एन्झाइम जवळजवळ थांबतं. ते नष्ट होत नाही, तिथेच पडून राहतं. बाटलीतल्या घट्ट मधात पेरॉक्साइड नगण्य असतं, ते यामुळे.

जखमेतली लस त्या मधात मिसळली की मध पुन्हा पाणचट होतो, जवळजवळ पोळ्यातल्या कच्च्या मकरंदासारखा, आणि थांबलेलं एन्झाइम परत कामाला लागतं. पेरॉक्साइडचं सर्वांत जास्त उत्पादन मध साधारण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत पातळ झाल्यावर होतं. वरच्या हिशोबात २५ मिली मधात २५ मिली लस मिसळली ती हीच पातळी. म्हणजे साखरेचं कवच जिथे उतरतं, साधारण तिथेच पेरॉक्साइडचं काम जोरात येतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. पातळ झालेला मध म्हणजे वाया गेलेलं औषध नव्हे, तोपर्यंत झोपलेलं औषध आता जागं झालेलं असतं.

मध्ये आंबटपणाचं काय? मधाचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ असतो आणि तो मुख्यतः त्या ग्लुकॉनिक आम्लामुळे. जखमेत रोग पसरवणारे बहुतेक जीवाणू इतक्या आंबट ठिकाणी नीट वाढत नाहीत. शिवाय जुनी, न भरणारी जखम बहुधा अल्कधर्मी असते आणि तिच्यात नव्या ऊती खाणारी एन्झाइमं जोरात चालतात. मधाने पीएच खाली आला की ती मंदावतात. पण लसीत आम्लाला उदासीन करणारे क्षार असतात, त्यामुळे ती मिसळत गेली की आंबटपणा बऱ्यापैकी लवकर ओसरतो. तिघांत एकट्याने लढायला हा सर्वांत दुबळा. मात्र तो ओसरणं हेही कामाचं आहे: ग्लुकोज ऑक्सिडेज सहाच्या आसपासच्या पीएचला सर्वांत चांगलं चालतं, त्यामुळे आंबटपणा उतरला की एन्झाइमला वाव मिळतो. पट्टी लावल्यावर सासऱ्यांना थोडा वेळ चुणचुण होत असेल तर ती याच आम्लाची. ती कमी होत जायला हवी. वाढत गेली किंवा सहन होईना तर डॉक्टरांना सांगा. मधमाशीच्या दंशाची किंवा परागाची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा.

हे पेरॉक्साइडचं काम डोळ्यांनी पाहता येतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत करतात तो हा प्रयोग. काचेच्या बशीत अगार नावाची जंतू वाढवायची जेली ओतून गोठवायची, त्यावर स्टॅफिलोकॉकस सारखा पसरायचा, आणि अगारमध्ये पेन्सिलीच्या जाडीची दोन भोकं पाडायची. एकात पाणी घालून पातळ केलेला मध भरायचा. दुसऱ्यात तोच मध, पण त्यात कॅटलेज घालून. कॅटलेज हे पेरॉक्साइड मोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम. बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली की सकाळी सगळीकडे जंतूंचा दुधट थर दिसतो. पहिल्या भोकाभोवती मात्र स्वच्छ काचेसारखं कडं असतं, तिथे एकही वसाहत नसते. दुसऱ्या भोकाभोवती, साधा मध असेल तर, कडं बारीक झालेलं असतं किंवा उरलेलंच नसतं. साखर दोन्हीकडे तेवढीच, आम्लही तेवढंच, फरक फक्त पेरॉक्साइडचा. विद्यार्थ्यांना मी नेहमी हीच बशी आधी दाखवते, कारण ती पाहिल्यावर पुढचं काही पटवावं लागत नाही.

याच प्रयोगात एक अपवाद दिसतो आणि तो तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमधल्या मनुका झुडपाच्या मधात कॅटलेज घातलं तरी कडं तसंच राहतं. त्यात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं वेगळं रसायन भरपूर असतं, ते मकरंदातल्या एका पदार्थापासून मध साठवणीत असताना हळूहळू बनतं आणि पेरॉक्साइडवर अवलंबून नसतं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच तयार पट्ट्या याच जातीच्या मधाच्या असतात. तुमच्या पाकिटावर मनुका किंवा त्या झुडपाचं शास्त्रीय नाव लेप्टोस्पर्मम लिहिलं असेल तर तुमच्या पट्टीचा भर मिथाइलग्लायॉक्सलवर आहे. साखरेचं आणि आम्लाचं वर सांगितलेलं गणित तिलाही लागू पडतंच. आणि पातळ झाल्यावरही ती काम करत राहते, हा मुद्दा तिच्याबाबतीत तर आणखी खरा.

आता शेजाऱ्यांच्या बाटलीकडे येऊ. रसायन एकच आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर, पण मात्रा पाहा. मेडिकलमधलं पेरॉक्साइड साधारण तीन ते सहा टक्क्यांचं असतं. पातळ केलेल्या मधात जास्तीत जास्त जेवढं साठतं ते त्याच्या साधारण हजाराव्या हिश्शाच्या घरात असतं. बाटलीतलं पेरॉक्साइड ओतलं की जखमेत फसफस होते. रक्तात आणि ऊतींमध्ये कॅटलेज असतं, ते पेरॉक्साइड पटापट मोडतं आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. काही मिनिटांत सगळं संपतं, पण तेवढ्या वेळात तीव्र पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या पेशींनाही मारतं. पाच आठवडे रखडलेल्या जखमेत एकेक नवी पेशी मोलाची असते. मधात याच्या उलट घडतं. ऊतींमधलं कॅटलेज तिथेही पेरॉक्साइड मोडतच असतं, पण एन्झाइम ते तासन्‌तास थोडंथोडं बनवत राहतं. मात्रा कमी असल्याने ऊतींना फारशी इजा होत नाही, आणि जंतूंवरचा दाब सुटत नाही. बाटलीने हे कधीच साधणार नाही. तसंच मधाची पट्टी लावण्याआधी जखम पेरॉक्साइडने धुवू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं सलाइन पुरे.

कॅटलेजमुळे मधाच्या पट्टीलाही मर्यादा येते. जखमेत पू खूप असेल, रक्त साचलेलं असेल, तर तिथल्या पेशींमधलं कॅटलेज मधाचं पेरॉक्साइड बनताबनताच मोडतं. एन्झाइमला हवेतला ऑक्सिजनही लागतो, त्यामुळे खोल, अरुंद खळग्यात हे काम मंद चालतं. म्हणून डॉक्टर किंवा सिस्टर पट्टीआधी जखम साफ करतात, मेलेला थर काढतात, ते टाळू नका. मध त्याला पर्याय नाही.

आता सुरगाण्याच्या मधाबद्दल. तो शुद्ध नाही असं मी म्हणत नाही. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातला आग्या मोहोळाचा मध खायला उत्तम असतो, आणि तो काढणाऱ्या माणसांचं कसब मला फार मोलाचं वाटतं. पण जखमेवर लावायला लागतो तो गुण वेगळा. पहिली अडचण पाण्याची. आग्या मोहोळाच्या मधात पाणी बरेचदा वीस टक्क्यांच्या वर असतं, आणि पोळं पूर्ण झाकलं जाण्याआधी कापलं तर आणखी जास्त. वीस टक्क्यांच्या वर मध आंबायला लागतो. तुमच्या बाटलीत वर फेस दिसला, झाकण उघडताना हवा सुटली किंवा ताडीसारखा वास आला, तर तो आंबलेला आहे. शिवाय पोळं पिळून काढलेल्या मधात मेण, पराग, अळ्यांचे तुकडे येतात, आणि परागात कॅटलेज असतं. तेच कॅटलेज, जे प्रयोगातल्या बशीत कडं पुसून टाकतं.

दुसरी अडचण त्याहून गंभीर. मध जीवाणू मारतो, पण त्यांचे बीजाणू, म्हणजे वाईट काळ काढायला काही जीवाणू धरतात ती कठीण कवचाची रूपं, मारत नाही. क्लॉस्ट्रिडियमसारख्या जीवाणूंचे बीजाणू मधात नुसते निपचित पडून राहतात, कारण तिथे मोकळं पाणी नाही. शुगरच्या रुग्णाच्या जखमेत, जिथे पाणी आहे आणि खोलवर ऑक्सिजन कमी आहे, तिथे ते मुद्दाम नेऊन सोडायचे कशाला? ते मारायचे तर मध उकळून चालत नाही. साध्या उकळीला बीजाणू दाद देत नाहीत, आणि बीजाणू मरतील इतकी उष्णता दिली तर एन्झाइम आधी मरतं. ग्लुकोज ऑक्सिडेज उष्णतेला आणि उजेडालाही नाजूक आहे. म्हणून दुकानातला, यंत्रात तापवून गाळलेला मध गोड राहिला तरी त्याची पेरॉक्साइड बनवायची ताकद बरीचशी गेलेली असू शकते. मध तापवू नये हे आपल्याकडे आयुर्वेदात फार पूर्वीपासून सांगितलं आहे. त्यामागचा विचार वेगळा असला तरी जखमेपुरता तो इथे बरोबर लागू पडतो.

पट्टीतला मध निर्जंतुक करतात तो गामा किरणांनी, साधारण २५ किलोग्रे मात्रेने; किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप. यात मध तापत नाही, बीजाणू मरतात आणि जंतूविरोधी ताकद टिकते. आपल्या जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ विकिरण केंद्र आहे, तिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गामा किरण देतात. किरण तेच, पण कांद्याची मात्रा याच्या शेकडो पटींनी कमी असते. त्यामुळे एखाद्याने ‘विकिरण केलेला’ म्हणून मध विकला तर तो किती मात्रेचा, हे विचारल्याशिवाय जखमेसाठी घेऊ नये. पाकिटावर ‘स्टराइल’ असा शिक्का, बॅच क्रमांक आणि मुदत असलेलाच वैद्यकीय मध किंवा पट्टी वापरायची. त्याचे पैसे मधाचे नसतात, या प्रक्रियेचे असतात.

खर्च वाचवायचा तर डॉक्टरांना विचारा की तयार पट्टीऐवजी ट्यूबमधला निर्जंतुक वैद्यकीय मध आणि साधं निर्जंतुक गॉज वापरता येईल का. बऱ्याचदा ते स्वस्त पडतं. मध जखमेवर थेट ओतायचा नाही, गॉजला लावून गॉज ठेवायचं, म्हणजे तो जागेवर राहतो. ट्यूब उघडल्यावर किती दिवस चालते ते तिच्यावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळा.

चादर चिकट होते, त्याचं कारण वर ओढून घेणारा थर कमी पडतोय. मधाच्या गॉजवर शोषणारा जाड पॅड हवा, जखमेच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर बाहेर जाईल असा, आणि त्यावर बँडेज. तरीही चोवीस तासांच्या आत ओल पॅडच्या बाहेरच्या बाजूला आली तर पट्टी त्याच दिवशी बदलायची. ओल बाहेर आली की बाहेरचे जंतू त्याच वाटेने आत जातात, आणि तेव्हा मध इतका पातळ झालेला असतो की त्यात फारसं बळ उरलेलं नसतं. म्हणजे पातळ होणं चांगलं, पण त्याला हद्द आहे, आणि ती हद्द पॅडच्या बाहेर आलेली ओल दाखवते. सुरुवातीला रोज बदलावी लागेल. लस कमी होत गेली की डॉक्टर दोन-तीन दिवसांवर नेतील. जखमेभोवतीची कातडी पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली दिसू लागली, तर ओल जास्त राहतेय. तेव्हा पॅड वाढवा, पट्टी लवकर बदला, आणि निरोगी कातडीला संरक्षक मलम लावायचं का ते सिस्टरना विचारा.

अपेक्षा किती ठेवायची, तेही सांगते. मधाचा सर्वांत चांगला पुरावा भाजलेल्या उथळ जखमांवर आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मधात भिजवलेलं गॉज, निम्म्यांना भाजण्यावरचं नेहमीचं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटात जखमा लवकर जंतुमुक्त झाल्या आणि लवकर भरल्या. अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानेही अशा भाजण्यात मध नेहमीच्या पट्टीपेक्षा चार-पाच दिवस आधी जखम भरतो असं म्हटलं. पण त्याच आढाव्यात शिरांच्या विकारामुळे होणाऱ्या पायाच्या जखमांवर फायदा दिसला नाही, आणि मधुमेही पायाबद्दल ठाम काही सांगता येईल इतका पुरावा नव्हता. म्हणून सासऱ्यांच्या बाबतीत मध ही मदत आहे, उपचाराचा कणा नव्हे. पायात रक्त नीट पोचतंय का, शुगर ताब्यात आहे का, पायावर सूज राहते का, यावर जखम भरणं जास्त अवलंबून आहे. पायाचा रक्तप्रवाह तपासला नसेल तर पुढच्या भेटीत आवर्जून विचारा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहायची साधी, न दुखणारी तपासणी असते. पट्टीतली साखर रक्तात फारशी जात नाही, तरी जखम मोठी असेल तर सुरुवातीचे काही दिवस सकाळची शुगर तपासून वहीत लिहा.

दर वेळी पट्टी बदलताना जखमेची लांबी-रुंदी एकाच मोजपट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवा, शक्य तर त्याच उजेडात फोटोही काढा. आठवड्या-दोन आठवड्यांत आकार कमी होताना दिसला नाही तर त्या नोंदी घेऊन डॉक्टरांना भेटा, पट्टी बदलायची की तपासणी वाढवायची हे ते ठरवतील. लाली कडेपलीकडे पसरत गेली, ताप आला, हिरवट पाणी आणि विचित्र वास येऊ लागला, कडा काळ्या पडल्या किंवा तळाशी हाड दिसलं, तर पट्टीची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगरच्या माणसाला पायात दुखणं कमी जाणवतं, म्हणून ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. आणि जखम गंजक्या तारेची आहे, त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन त्या वेळी दिलं होतं का, हे आजच विचारून घ्या.